सतरा महिने की आठ? गुंतवणूकदारांना लिहायचं राहून गेलेलं अपडेट

*नमस्कार. आमची छोटी कंपनी आहे, आम्ही दोघे संस्थापक धरून नऊ जण. यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कंपन्यांना आम्ही मासिक वर्गणीवर सॉफ्टवेअर देतो. गुंतवणूकदार अकरा: एक फंड, बाकी एंजल, म्हणजे स्वतःचे पैसे घालणारी मंडळी. आधी दर महिन्याला अपडेट पाठवायचो. दोन महिन्यांपूर्वी सगळ्यात मोठ्या ग्राहकाने सोडणार असल्याचं कळवलं. कारण दिलं किमतीचं. तेव्हापासून 'त्याची जागा भरली की पाठवू' म्हणत एकही अपडेट गेलेलं नाही. आता सहसंस्थापक म्हणतो, ही बातमी शेवटी एका ओळीत टाकू. खात्यात १०४ लाख आहेत, गेल्या महिन्यात ६ लाखच कमी झाले, म्हणजे १७ महिने निघतात, मग लोकांना घाबरवायचं कशाला? मला ते पटत नाही, पण काय लिहावं तेही सुचत नाही. मदत मागावी का, आणि कशी? जुनं एक अपडेट आणि गेल्या महिन्याचा हिशेब सोबत जोडला आहे. — एक संस्थापिका*

नमस्कार.

तुमचा हिशेब उघडला आणि आधी त्या १७ महिन्यांपाशीच थांबले. तो आकडा चुकीचा आहे, आणि तो तसाच गेला तर बाकी अपडेट कितीही प्रामाणिक लिहिलंत तरी उपयोग नाही.

महिन्याच्या सुरुवातीला खात्यात ११० लाख होते, शेवटी १०४. खर्च झाला १८.५ लाख आणि जमा झाले १२.५ लाख. सहसंस्थापकांनी १०४ ला ६ ने भागलं. भागाकार बरोबर आहे, पण जमेच्या १२.५ लाखांत काय काय आहे ते बघा. त्यात ४.८ लाख एका नव्या ग्राहकाने वर्षाचे आगाऊ भरलेत. ते पैसे खरे आहेत, तुमचेच आहेत, पण पुढचे अकरा महिने त्या ग्राहकाकडून काही येणार नाही. शिवाय त्याच जमेत सोडून गेलेल्या मोठ्या ग्राहकाचं शेवटचं बिल आहे, १.९ लाखांचं. तेही आता येणार नाही. हे दोन्ही वजा केलेत की पुढच्या महिन्यापासून जमा ५.८ लाख, खर्च तोच १८.५, म्हणजे खात्यातून महिन्याला १२.७ लाख जाणार. १०४ भागिले १२.७ म्हणजे आठ महिने आणि थोडे दिवस.

हाच तुमचा रनवे, म्हणजे खात्यातले पैसे जितके महिने पुरतील तो काळ, आणि अपडेटची पहिली ओळ हीच हवी. यात लबाडी कोणी केली असं मी म्हणत नाही. बँकेतल्या शिलकीवरून बर्न, म्हणजे महिन्याला खात्यातून जाणारी रक्कम, काढला की आगाऊ रक्कम आलेला महिना नेहमीच गोंडस दिसतो. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर रनवे कधी काढू नये. गेल्या तीन महिन्यांची सरासरी घ्यावी, एकदाच आलेल्या रकमा बाजूला काढाव्यात, आणि जे नक्की जाणार आहे ते आजच वजा करावं. ग्राहकांकडून वसूल केलेला पण अजून न भरलेला कर खात्यात पडून असेल तर तोही १०४ मधून काढा. ती रक्कम तुमच्याकडे फक्त मुक्कामाला आलेली आहे.

गुंतवणूकदार हा भागाकार स्वतः करून बघतात. फंडातल्या माणसाकडे तर तुमचे मागचे सगळे आकडे एका तक्त्यात भरलेले असतात; त्याचं कामच ते आहे. त्याला १७ दिसले आणि दोन महिन्यांनी शिल्लक ७८ लाखांवर आलेली दिसली, की तो तुम्हाला काही विचारणार नाही. तो फक्त तुमचे पुढचे आकडे स्वतःच्या मनाने कमी करून वाचायला लागेल. विचारलेल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा ते महाग पडतं.

आता आठ महिन्यांचा अर्थ काय? गुंतवणुकीचा पुढचा राउंड उभा करायला पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात येईपर्यंत चार ते सहा महिने सहज जातात, आणि एक मोठा ग्राहक नुकताच गेलेल्या कंपनीला कमी तर नक्कीच लागत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे ठरवायला आठ महिने नाहीत, दोन-तीनच आहेत. म्हणूनच बातमी शेवटी एका ओळीत टाकण्याची कल्पना मला मान्य नाही. ज्यांनी मदत करायची, त्यांना वेळ आहे तोवरच कळायला हवं.

अपडेट पाठवण्याआधी एक फोन

फंडातल्या तुमच्या माणसाला ही बातमी सामूहिक ईमेलमधून कळता कामा नये. त्याच दिवशी, ईमेल जाण्याआधी काही तास, फोन करा. दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगा: ग्राहक गेला, रनवे आठ महिने आहे, आणि आज संध्याकाळी सगळ्यांना लिहितोय. सल्ला मागू नका, तो आपोआप येईल. फोन केल्यावर ईमेल मात्र त्याच दिवशी गेलंच पाहिजे. काहींना माहीत आणि काहींना नाही, ही अवस्था आठवडाभर राहिली तर एंजल मंडळी आपसात बोलतात आणि तुमची बातमी तुमच्याआधी पोचते.

जाता जाता, गुंतवणुकीच्या करारात माहिती देण्याचं कलम असतं, तेही काढून वाचा. बहुतेक वेळा ते तिमाही किंवा वार्षिक हिशेबाबद्दल असतं आणि मासिक अपडेट हा निव्वळ रिवाज असतो. पण काही करारांत मोठी घडामोड ठरावीक मुदतीत कळवण्याची अट असते. दोन महिने उलटलेत, तेव्हा ते पाहून ठेवलेलं बरं.

आणि या दोन महिन्यांच्या गप्प बसण्याबद्दल लांबलचक माफी लिहू नका. 'मागचे दोन महिने अपडेट पाठवलं नाही, ते चुकलं. तिन्ही महिन्यांचे आकडे खाली आहेत, आणि यापुढे दर महिन्याच्या ७ तारखेला येईल.' एवढं बास. माफीचा परिच्छेद वाढला की वाचणाऱ्याला तुमची समजूत काढावी लागते, आणि खरा विषय बाजूला राहतो.

आकडे

तुमच्या जुन्या अपडेटमध्ये सगळ्यात वर 'एकूण नोंदणीकृत तंत्रज्ञ ३,२००' असं ठळक लिहिलंय. हा आकडा काढून टाका. तो कधीच कमी होऊ शकत नाही. कंपनी बंद पडली तरी तो ३,२०० च राहील. 'आजवरची एकूण विक्री' हाही त्याच जातीचा. आठवड्यात किमान एक काम ॲपवर पूर्ण करून बंद करणारे तंत्रज्ञ किती, हा आकडा तुमच्याच हिशेबात खालच्या ओळीत आहे: तीन महिन्यांत १,१५० वरून ८७०. हा वर आणा. वाईट आहे, पण तो काहीतरी सांगतो.

महिन्याच्या उत्पन्नाचं म्हणजे एमआरआरचं फक्त शेवटचं टोक लिहू नका; सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसं पोचलो ते लिहा. तुमच्या हिशेबावरून ते असं होतं: सुरुवात ८.४ लाख. नवे ग्राहक अधिक ०.६. जुन्यांनी वाढवलेलं अधिक ०.२. जुन्यांनी कमी केलेलं वजा ०.१. मोठा ग्राहक गेला वजा १.९. दोन लहान गेले वजा ०.२. शेवट ७.० लाख. सात छोटे आकडे, आणि महिन्यात काय घडलं ते सगळं त्यात आलं. 'एमआरआर ७ लाख' एवढंच लिहिलंत तर विक्री थंडावली की ग्राहक गळले, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

इथे एक मोह होईल: 'मोठा ग्राहक वगळता गळती फक्त ३ टक्के.' हे वाक्य खोटं नाही, उरलेल्या ६.५ लाखांतले ०.२ गेले, ते तेवढेच भरतात. जरूर लिहा, पण त्याच ओळीत, त्याच टायपात, 'त्याला धरून २५ टक्के' हेही लिहा. ८.४ मधून २.१ गेले आहेत. नुसतं 'वगळता' वाचलं की जुने गुंतवणूकदार लगेच मान वर करतात.

दुसरा प्रश्न असा येईल: एमआरआर ७ लाख आणि खात्यात येणार ५.८, हे कसं? तो येण्याआधीच उत्तर देऊन ठेवा. वार्षिक पैसे भरलेल्या ग्राहकांचा महिन्याचा वाटा एमआरआरमध्ये धरला जातो, पण महिन्याला रोख येत नाही; शिवाय काही बिलं उशिरा चुकती होतात. एक वाक्य पुरतं. मात्र नव्वद दिवसांहून जुनी थकबाकी असेल तर ती रक्कम वेगळी सांगा, कारण ते पैसे येतीलच असं तुम्हालाही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

महिन्याचा हिशेब सात तारखेपर्यंत पक्का होत नाही, हे कारण मी बऱ्याच जणांकडून ऐकते. बँकेची शिलक एक तारखेला कळते. बाकीच्या आकड्यांपुढे 'कच्चा हिशेब' लिहा आणि फरक निघाला तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करा. व्याख्या मात्र बदलू नका. बदलावीच लागली तर दोन महिने जुना आणि नवा असे दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

ग्राहक का गेला

हा भाग सगळ्यात काळजीने लिहायचा आहे, आणि तुमच्याकडचं साहित्य पुरेसं आहे. तुम्ही लिहिलंत, कारण किमतीचं दिलं. पण तुमच्या तक्त्यात त्याच ग्राहकाचा वापर आहे: २४० तंत्रज्ञांपैकी आठवड्याला ॲप उघडणारे आधी २१०, मग १६०, मग ७०. आणि ही घसरण नोटीस येण्याआधीच्या तीन महिन्यांतली आहे. कोपऱ्यात कोणीतरी टीप लिहून ठेवली आहे की, त्यांच्याकडचे ऑपरेशन्सचे प्रमुख नोकरी सोडून गेले. तारीख बघा, वापर उतरायला लागला त्याच्या जरा आधीची आहे.

ज्याने आग्रह धरून तुमचं सॉफ्टवेअर आणलं तो माणूस गेला, नव्याला त्यात रस नव्हता, तंत्रज्ञ हळूहळू कागदावर परतले, आणि नूतनीकरणाच्या वेळी कोणीतरी विचारलं, हे आपण वापरत नाही तर एवढे पैसे का देतो? त्याला ते 'किंमत' म्हणाले. मला असं दिसतं. पण हा माझा अंदाज आहे, आणि तुमच्याकडेही तो अंदाजच असेल, म्हणून लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: त्यांनी काय सांगितलं, आम्हाला आकड्यांत काय दिसलं, आणि त्यावरून आम्हाला काय वाटतं.

सहसंस्थापकांचं वाक्य बहुधा असं असेल: 'किमतीच्या दबावामुळे एका मोठ्या ग्राहकाने नूतनीकरण केलं नाही, आम्ही त्यातून शिकून पुढे जात आहोत.' त्याऐवजी असं लिहून बघा:

> आमचा सगळ्यात मोठा ग्राहक (एमआरआरच्या जवळजवळ २३ टक्के) गेला. नोटीस दोन महिन्यांपूर्वी आली, शेवटचं बिल गेल्या महिन्यात भरलं गेलं. त्यांनी कारण किंमत असं सांगितलं. आम्ही मागे जाऊन पाहिलं तर नोटिशीच्या आधी तीन महिने त्यांचा साप्ताहिक वापर २१० वरून ७० तंत्रज्ञांवर आला होता, आणि आम्ही त्यावर लक्ष ठेवून नव्हतो. आमच्याशी बोलणारे त्यांचे प्रमुख त्याच सुमारास गेले. नव्या प्रमुखांशी आमची एकही भेट झाली नव्हती. आम्हाला वाटतं की खरं कारण हे आहे, पण खात्री नाही. त्यांच्या दोन पर्यवेक्षकांशी याच आठवड्यात बोलणार आहोत.

इथे रडारड नाही आणि फुशारकीही नाही. 'लक्ष ठेवून नव्हतो' हे तीन शब्द सहसंस्थापकांना खटकतील. ते राहू द्या. ते काढले तर पुढे जे करणार आहात त्याला आधारच उरत नाही.

हा परिच्छेद वाचणाऱ्याच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो: आता कोणाचा नंबर? तुम्ही तो विचारलेला नाही, पण तुमच्या तक्त्यात उत्तर आहे. मी बाकीच्या ग्राहकांचा वापर वरवर पाहिला. दोन ग्राहकांची रेषा अगदी तशीच उतरते आहे, आणि दोघांचे मिळून महिन्याला ०.९ लाख आहेत. हे तुम्ही पाहिलं होतं का? नसेल तर अपडेट एक दिवस उशिरा जाऊ द्या, पण त्याआधी त्या दोघांना फोन करा. मग लिहा: 'वापराच्या याच तपासणीत आणखी दोन ग्राहक धोक्यात दिसतात, मिळून ०.९ लाख, एकाशी बोलणं झालं, दुसऱ्याची भेट ठरली आहे.' वाईट बातमीत आणखी वाईट भर घालतोय असं वाटेल, पण वाचणाऱ्याला हायसं वाटतं ते इथेच, कारण कोणीतरी तक्ता बघतंय हे त्याला कळतं. उरलेल्यांत सगळ्यात मोठा ग्राहक किती टक्के आहे, तेही सांगा. तुमच्या हिशेबाने ०.७ लाख, म्हणजे १० टक्के. ही या महिन्यातली त्यातल्या त्यात बरी बातमी आहे.

ग्राहकाचं नाव लिहायचं का? करारात गोपनीयतेचं कलम असेल तर नाही, आणि नसलं तरी मी लिहिणार नाही. असं ईमेल पुढे जातंच, आणि तुमच्या एखाद्या एंजलचे पैसे स्पर्धक कंपनीतही असू शकतात. हाच नियम पगार, आजारपण आणि कोणाला का काढलं या सगळ्याला लावा.

पुढे काय करणार

जुन्या अपडेटमध्ये प्राधान्यक्रमाखाली नऊ मुद्दे आहेत. नऊ माणसांच्या कंपनीत नऊ प्राधान्यं म्हणजे प्रत्येकाचं रोजचं काम लिहून काढल्यासारखं झालं. शिवाय त्याआधीच्या महिन्यातल्या मुद्द्यांचं काय झालं, याचा उल्लेखच नाही. सुरुवात तिथून करा: मागच्या वेळी काय म्हणालो होतो, त्यातलं काय झालं, काय राहिलं. एक एक ओळ. एखादी गोष्ट मुद्दाम सोडून दिली असेल तर तसं स्पष्ट लिहा. गुपचूप गायब झालेला मुद्दा कोणाच्या तरी लक्षात राहतोच.

मग पुढच्या महिन्याच्या फार तर तीन गोष्टी. तुमच्या परिस्थितीत मी दोनच ठेवीन. पहिली: धोक्यातले दोन ग्राहक टिकवणं, आणि ज्यांचा वापर दोन आठवडे सलग २० टक्क्यांहून जास्त उतरतो त्यांना त्याच आठवड्यात फोन करणं. हे काम एका व्यक्तीच्या नावावर असू द्या. २० ही रेष काही शास्त्रातून आलेली नाही. तुमच्या ग्राहकांच्या सुट्ट्या आणि हंगाम बघून ती हलवावी लागेल. दुसरी गोष्ट खर्चाची. दोन रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि बाहेरून करून घेत असलेलं जाहिरातीचं काम थांबवायचं, असं तुम्ही टिपणात लिहिलंय. तुमच्याच हिशेबाने त्यात महिन्याला २.५ लाख वाचतात. मग बर्न १२.७ वरून १०.२ वर येतो आणि रनवे दहा महिन्यांवर जातो. एक खात्री करून घ्या: त्या रिकाम्या जागांचा पगार आजच्या १८.५ लाखांत खरोखर जातोय का? न भरलेल्या जागेवर आज खर्च होत नसेल तर ती बचत कागदावरचीच ठरते, आणि दहा महिने हा आकडा खोटा पडतो.

अपडेटमध्ये रनवे मग दोन ओळींत लिहा: काही न बदलता आठ महिने, हे दोन निर्णय धरून दहा. 'दोन्हींत नवी विक्री धरलेली नाही' ही ओळ खाली असू द्या. नवी विक्री धरून काढलेला तिसरा आकडा घालू नका. तो खरा होईलही, पण वाचणाऱ्याला तो तुमच्या इच्छेचा आकडा वाटणार.

त्यापुढे एक अट ठरवा आणि ती लिहा. उदाहरणार्थ: तीन महिन्यांनी एमआरआर ८ लाखांवर नसेल तर खर्च आणखी कमी करू, आणि त्याचा आराखडा आमच्याकडे तयार आहे. लिहिली की ती पाळावी लागते, म्हणून तुम्ही दोघांनी आधी बसून ती खरोखर मान्य करा. मान्य नसेल तर लिहू नका. आणि काय करणार नाही हेही एका ओळीत सांगा. तुमच्या बाबतीत बहुधा ते दुसरं मोबाइल ॲप असावं.

मागायचं कसं

मागा, आणि याच महिन्यात मागा. फक्त जुन्या अपडेटमधलं 'ओळखी असतील तर नक्की कळवा' हे वाक्य पुन्हा नको. ते वाचून एंजल मनात म्हणतो, 'हो, बघू,' आणि ईमेल बंद करतो. त्याला कोण हवंय हे माहीत नाही, काय सांगायचं हे माहीत नाही, कधीपर्यंत हेही माहीत नाही. सगळा विचार त्याच्यावर सोपवलाय, आणि तो त्याचा मुख्य उद्योग नाही.

तुमची पहिली मागणी अशी होऊ शकते: '५० ते २०० फिरते तंत्रज्ञ असलेल्या, लिफ्ट किंवा वातानुकूलन यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंपन्यांच्या ऑपरेशन्स प्रमुखांशी पाच भेटी हव्यात, या महिनाअखेरपर्यंत. पुढे पाठवता येईल असा मजकूर खाली आहे.' ५० ते २०० हा आकडा मी तुमच्याच यादीवरून घेतलाय. टिकून राहिलेले बहुतेक ग्राहक त्याच मापाचे दिसतात, आणि गेलेला त्याहून मोठा होता. ही गोष्टही अपडेटमध्ये लिहिण्याजोगी आहे.

पुढे पाठवायचा मजकूर इतका छोटा हवा की फोनवर न सरकवता दिसावा:

> आमच्या सॉफ्टवेअरमुळे फिरत्या तंत्रज्ञाचं दिवसाचं काम, सुटे भाग आणि बिल एकाच ठिकाणी नोंदवलं जातं. ५० ते २०० तंत्रज्ञ असलेल्या देखभाल कंपन्या ते वापरतात. तुमच्या ऑपरेशन्स प्रमुखांशी वीस मिनिटं बोलायला आवडेल. विकण्याआधी त्यांची कामाची पद्धत समजून घ्यायची आहे.

हा मजकूर त्रयस्थ माणसाच्या हातात जाणार, म्हणून त्यात रनवे, गेलेला ग्राहक यातलं काही नको. शक्यतो वेगळ्या ईमेलमध्येच द्या, म्हणजे घाईत कोणी आख्खं अपडेट पुढे ढकलणार नाही. आणि एंजलला सांगा की ओळख करून देण्याआधी समोरच्याला विचारून घ्या. न विचारता जोडून दिलेल्या ओळखीतून भेट झाली तरी त्यात ऊब नसते.

दुसरी मागणी अनुभवाची: 'दर तंत्रज्ञामागे किंमत लावण्याऐवजी दर पूर्ण झालेल्या कामामागे लावावी का, असा विचार चालू आहे. असा बदल स्वतः केलेल्या कोणाशी एक तास बोलायचं आहे.' 'स्वतः केलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत, नाहीतर मतं ढिगाने येतील. किंमत हे खरं कारण नसावं असं मला वाटत असलं तरी हा प्रश्न रास्त आहे. वापर कमी झाला की बिलही कमी होत असतं, तर कदाचित तो ग्राहक लहान होऊन राहिला असता.

तिसरी मागणी सामूहिक ईमेलमध्ये घालू नका. अकरा जणांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी करेल. तुमच्या यादीत देखभालीच्या धंद्यातून आलेले एक एंजल आहेत. त्यांना वेगळं, नावानिशी लिहा: या दोन धोक्यातल्या ग्राहकांपैकी कोणाला तुम्ही ओळखता का?

पैशाचं तर सामूहिक ईमेलमध्ये बोलूच नका. मधल्या काळासाठी थोडी भर हवी असेल तर आधी फंडाशी बसा. त्यांची तयारी आहे की नाही, हे बाकीचे विचारणारच, आणि उत्तर तुमच्याकडे नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत राहील. अपडेटमध्ये फक्त एवढं: 'निधीबाबत या महिन्यात चर्चा सुरू करत आहोत, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलू.'

पाठवताना

सगळा मजकूर ईमेलच्या अंगातच लिहा. जोडलेली फाइल, पासवर्ड लागणारी लिंक, वीस स्लाइडचं सादरीकरण यांतलं काही नको. निम्मे लोक ते फोनवर उघडत नाहीत. विषयाच्या ओळीत कंपनीचं नाव, महिना, आणि पुढे 'मोठा ग्राहक गेला, रनवे ८ महिने, दोन मागण्या'. होय, विषयाच्याच ओळीत. पत्ते बीसीसीमध्ये घाला, म्हणजे एकाचं उत्तर चुकून सगळ्यांना जाणार नाही.

क्रम असा ठेवा: वर तीन ओळींत सगळं सार, मग मागण्या, मग आकडे, मग ग्राहकाचा परिच्छेद, मग पुढचं काम. मागण्या शेवटी ठेवण्याची पद्धत आहे, पण शेवटापर्यंत सगळे पोचत नाहीत. चांगल्या बातम्या, म्हणजे तो आगाऊ पैसे भरणारा नवा ग्राहक, आकड्यांत आल्याच आहेत. त्यांना वेगळा मथळा या महिन्यात नको.

पाठवल्यावर पहिल्या दोन दिवसांत तीन-चार उत्तरं येतील, एखादं खरमरीतही असेल. बाकीचे गप्प राहतील. त्यावरून ते नाराज आहेत असं समजू नका, अपडेट वाचून उत्तर न देणं हीच बहुतेकांची सवय असते. खरमरीत उत्तर आलं तर ईमेलवर वाद घालू नका, फोन करा. कोणी ओळख करून दिली तर त्याच दिवशी आभार माना, भेट झाली की दोन ओळींत काय झालं ते त्याला कळवा, आणि पुढच्या ७ तारखेच्या अपडेटमध्ये मागणीच्या खाली निकाल लिहा: पाच भेटी मागितल्या, तीन झाल्या, एक चाचणीवर आहे. ज्यांच्यामुळे झाल्या त्यांची नावं त्यांना विचारून तिथेच द्या.

सहसंस्थापकांना हे पत्र वाचायला द्या, पण आधी तो भागाकार त्यांनाच पुन्हा करू द्या. जमेच्या १२.५ लाखांपैकी पुढच्या महिन्यात परत येणारे किती, एवढंच विचारा.